बगदादच्या भाषांतरांचे पैसे कोणी मोजले?

इसवी सन 855-56 च्या सुमारास अली इब्न याह्या नावाच्या बगदादच्या एका दरबारी माणसाला एक यादी हवी होती. ग्रीक वैद्य गॅलेनने कोणकोणती पुस्तकं लिहिली, कशात काय आहे, त्यांपैकी कुठली सिरियाकमध्ये आणि अरबीत आली, आणि ती आणली कोणी? हे सगळं सांगू शकेल असा माणूस शहरात एकच होता, हुनैन इब्न इसहाक. पन्नाशीला आलेला हा भाषांतरकार त्या वेळी वाईट अवस्थेत होता. आयुष्यभर जमवलेली पुस्तकं एका फटक्यात हातची गेली होती. तरीही त्याने आठवणीतून यादी केली. त्यात 129 पुस्तकं आहेत.

ही यादी आपल्यापर्यंत पोचली. इस्तंबूलच्या आया सोफिया ग्रंथालयातल्या हस्तलिखितावरून बेर्गश्ट्रेसर या जर्मन अभ्यासकाने ती 1925 मध्ये छापली. वरवर पाहिलं तर रूक्ष सूची. पण हुनैनने जवळजवळ प्रत्येक नोंदीत एक गोष्ट न चुकता लिहिली आहे, ती म्हणजे हे भाषांतर आपण कोणासाठी केलं. त्यामुळे ही यादी वाचताना एखाद्या जुन्या पेढीची खतावणी वाचल्यासारखं वाटतं. माल कोणता, कधी दिला, गिऱ्हाईक कोण, परत दुरुस्तीला आला का, सगळं त्यात आहे.

ग्रीक विद्या अरबीत कशी आली याची जी गोष्ट सहसा सांगितली जाते, तिला ही खतावणी फारशी दाद देत नाही. ती गोष्ट अशी: खलिफा अल-मामूनच्या स्वप्नात ॲरिस्टॉटल आला, दोघांचा संवाद झाला, खलिफा जागा झाला आणि त्याने ग्रीक ग्रंथ मागवून 'बैत अल-हिक्मा' या संस्थेत विद्वान बसवले. स्वप्नाची कथा दहाव्या शतकातल्या अल-नदीमच्या ग्रंथसूचीत आहे, आणि ती गोडही आहे. पण मामून 813 मध्ये गादीवर आला तेव्हा भाषांतराचं काम सुरू होऊन निदान दोन पिढ्या झाल्या होत्या. आणि बैत अल-हिक्माचं म्हणाल, तर हुनैन आपल्या यादीत त्या संस्थेचं नावही घेत नाही. दिमित्री गुटास या अभ्यासकाचं म्हणणं असं की ते राजवाड्यातलं ग्रंथालय असावं, इराणी सासानी दरबाराच्या वळणावर चाललेलं. ग्रीक भाषांतराचा कारखाना तिथे चालत होता याला पुरावा नाही. मला ते पटतं. ज्याने सर्वांत जास्त भाषांतरं केली त्यालाच त्या कारखान्याचा पत्ता नसावा, हे जरा जास्तच होतं.

याचा अर्थ खलिफांनी काही केलं नाही असा नव्हे. सुरुवात त्यांचीच. त्याआधी उमय्या खलिफांच्या काळात, सातवं शतक संपता संपता, दमास्कसच्या दप्तराचा कारभार ग्रीकमधून अरबीत आला होता, पण ती कचेरीची गरज होती. अब्बासी खलिफा अल-मन्सूरने 762 मध्ये बगदाद वसवलं ते ज्योतिषांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, आणि ग्रहगणित त्याला राज्यकारभाराइतकंच लागत होतं. त्याच्याच दरबारात सिंधकडून आलेल्या शिष्टमंडळाबरोबर संस्कृत ज्योतिषग्रंथ पोचला आणि त्यावरून अरबी 'सिंधहिंद' तयार झाला. म्हणजे ग्रीक ग्रंथांच्या बरोबरीने आपल्याकडचं गणितही त्या बाजारात होतं. मन्सूरला पोटाचं दुखणं होतं, म्हणून 765 मध्ये जुंदीशापूरहून जुर्जिस नावाचा ख्रिस्ती वैद्य बोलावला गेला. या बख्तीशू घराण्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

मन्सूरचा मुलगा अल-महदी याला ॲरिस्टॉटलचं एक विशिष्ट पुस्तक हवं होतं, 'टॉपिका'. वादात बाजू कशी मांडावी आणि समोरच्याला कसं अडकवावं, याचं ते शास्त्र. राज्यात इराणी पंथांचे लोक, ज्यू, ख्रिस्ती असे अनेक वाद घालणारे होते आणि मुसलमानांनाही वाद शिकणं भाग होतं. 782 च्या सुमारास हे काम सोपवलं गेलं ते पूर्वेकडच्या ख्रिस्ती चर्चचा प्रमुख तिमोथी याच्यावर. त्याची पत्रं उपलब्ध आहेत. अबू नूह नावाच्या विद्वानाच्या मदतीने त्याने सिरियाकवरून अरबी भाषांतर केलं. तो लिहितो की दुसरेही काही जण थेट ग्रीकवरून ते करत होते, पण खलिफाला त्यांची ओबडधोबड भाषा आवडली नाही. याच पत्रव्यवहारात तो एका सहकाऱ्याला मार मत्तई मठात अमुक टीकाग्रंथ आहे का ते बघायला सांगतो. धर्मगुरू, खलिफाचं काम आणि मठाच्या कपाटातली पोथी, हे तिन्ही एका पत्रात भेटतात.

आता हुनैनकडे वळू. तो 808 मध्ये जन्मला, इराकमधल्या हीरा गावचा, एका औषधविक्याचा मुलगा. जातीने अरब, धर्माने ख्रिस्ती. वैद्यकी शिकायला तो बगदादला युहन्ना इब्न मासवैह या नामांकित वैद्याकडे गेला. तो प्रश्न फार विचारायचा. गुरू वैतागला आणि हीरावाल्यांनी वैद्यकीच्या नादी लागू नये, रस्त्यावर बसून नाणी मोडून द्यावीत, असं म्हणून त्याने हुनैनला हाकलून दिलं, अशी कथा आहे. पुढची काही वर्षं तो बगदादमध्ये कोणाला दिसला नाही. परतला तेव्हा केस वाढलेले आणि तोंडी होमरच्या ग्रीक ओळी. ही शेवटची गोष्ट त्याला तशा अवस्थेत पाहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलेली आहे.

असा मुलगा ज्या माणसाने हेरला तो जिब्रील इब्न बख्तीशू, त्या जुर्जिसचा नातू. हारून अल-रशीद आणि मामून यांचा राजवैद्य, आणि अफाट श्रीमंत. हुनैनने सतराच्या आसपासच्या वयात गॅलेनचं शरीराच्या नैसर्गिक शक्तींवरचं पुस्तक जिब्रीलसाठी भाषांतरित केलं. अरबीत नाही, सिरियाकमध्ये. बगदादचे बडे वैद्य बहुतेक सगळे ख्रिस्ती होते, त्यांचं शिक्षण सिरियाकमध्ये होई आणि ते शास्त्र सिरियाकमध्येच वाचत. म्हणून वैद्य गिऱ्हाईक असला की भाषांतर सिरियाकमध्ये. मुसलमान अमीर किंवा गणिती असला की अरबीत. एकूण मोजलं तर हुनैनने केलेली गॅलेनची सिरियाक भाषांतरं अरबीच्या दुपटीहून अधिक भरतात. 'ग्रीकमधून अरबीत' असं आपण सहज म्हणतो, पण मधल्या या मुक्कामाचा खर्च वैद्यांनी उचलला होता.

आणि हा गॅलेन आपल्याला अगदीच परका नाही. युनानी औषधांच्या दुकानात आजही पोटासाठी 'जवारिश जालीनूस' मिळते. तो जालीनूस म्हणजेच दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा हा ग्रीक.

यादीतली एक नोंद नीट पाहू. वैद्यकातल्या वेगवेगळ्या पंथांवर गॅलेनचं एक छोटं पुस्तक आहे, विद्यार्थ्यांना सर्वांत आधी वाचायला देत ते. हुनैन सांगतो, हे मी विशीत असताना जुंदीशापूरच्या एका वैद्यासाठी भाषांतरित केलं. हाताशी ग्रीक प्रत एकच होती आणि ती चुकांनी भरलेली. पुढे मी चाळिशीला आलो तेव्हा माझा शिष्य हुबैश याने ते दुरुस्त करायला सांगितलं. हा हुबैश त्याचा भाचा. तोवर माझ्याकडे त्याच पुस्तकाच्या बऱ्याच ग्रीक प्रती जमल्या होत्या. त्या एकमेकींशी ताडून आधी एक शुद्ध ग्रीक प्रत तयार केली, मग माझं जुनं सिरियाक भाषांतर तिच्याशी ताडून सुधारलं. सगळ्याच पुस्तकांच्या बाबतीत मी असंच करतो. त्यानंतर काही वर्षांनी तेच पुस्तक मूसाचा मुलगा मुहम्मद याच्यासाठी अरबीत आणलं.

एकाच पुस्तकाचे तीन फेरे झाले, तीन वेगळ्या माणसांसाठी, वीसेक वर्षांच्या अंतरात. यात कामाची खरी मेहनत कुठे होती तेही दिसतं. छपाईच्या आधी प्रत्येक प्रत हाताने लिहिलेली असे आणि प्रत्येक लेखनिक आपल्या चुकांची भर घाली. एक प्रत वाचून चूक ओळखू येत नाही, कारण चुकीचं वाक्यही बऱ्याचदा अर्थ देतं. दोन-तीन प्रती शेजारी ठेवल्या की जिथे त्या भांडतात तिथे शंका घ्यायची. म्हणजे भाषांतराआधी प्रती गोळा करणं आलं, आणि प्रती गोळा करायला पैसा. पुरातन ग्रंथ शुद्ध करण्याची हीच रीत आजचे संपादकही वापरतात.

प्रती शोधणं किती जिकिरीचं होतं? गॅलेनचं 'सिद्धता' या विषयावर पंधरा भागांचं मोठं पुस्तक होतं. शास्त्रात एखादी गोष्ट सिद्ध झाली असं कधी म्हणावं, हा त्याचा विषय. त्यासाठी जिब्रीलने खूप खटपट केली. नंतर हुनैन स्वतः इराक, सिरिया, पॅलेस्टाईन, इजिप्त असं करत अलेक्झांड्रियापर्यंत जाऊन आला. मिळालं ते दमास्कसमध्ये, तेही निम्मंच, विस्कटलेलं आणि अपुरं. अख्खं पुस्तक आजही कोणाला सापडलेलं नाही.

रोगांच्या उपचारपद्धतीवर गॅलेनचं चौदा भागांचं पुस्तक आहे. त्याचं सिरियाक भाषांतर सहाव्या शतकात सर्गियस नावाच्या विद्वानाने केलं होतं, पण ते कच्चं होतं. खलिफा मुअतसिमचा वैद्य सलमवैह याने ठरवलं की नव्याने करण्यापेक्षा जुनं दुरुस्त करणं स्वस्त पडेल. दोघे बसले. सलमवैहच्या हातात सिरियाक, हुनैनच्या हातात ग्रीक. तो वाचायचा, हा जिथे चुकलं तिथे थांबवायचा, तो लगेच सुधारायचा. थोड्याच दिवसांत सलमवैह कंटाळला आणि म्हणाला, राहू दे, तूच नवीन कर. जुन्या घराची डागडुजी करताना कोणालाही येतो तसा हा अनुभव. हुनैनने रक्का इथे नवं भाषांतर केलं. ते नक्कल करायला नावेतून बगदादला पाठवलं, नावेला आग लागली आणि एकमेव प्रत जळाली. काही वर्षांनी जिब्रीलचा मुलगा बख्तीशू याच्यासाठी त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं.

गिऱ्हाईक पैसे देतो म्हणून भाषांतरात हातही घालतो, असंही एका नोंदीत सापडतं. 'आवाज' या विषयावरचं गॅलेनचं पुस्तक हुनैनने वजीर इब्न अल-झय्यात याच्यासाठी अरबीत केलं. हा तेलाच्या व्यापाऱ्याच्या घरातला, स्वतः चांगला अरबी लिहिणारा. माणूस जाणकार आहे म्हणून हुनैनने भाषा खास सजवली. वजिराने वाचून आपल्याला बरे वाटतील ते शब्द घातले. मग मूसाच्या मुलाने दोन्ही मसुदे शेजारी ठेवून पाहिले आणि हुनैनचा मूळ मसुदाच निवडला. हुनैन लिहितो, हे यासाठी सांगतोय की दोन वेगळ्या प्रती दिसल्या तर तुम्हाला कारण कळावं. कुठल्याही भाषांतरकाराला त्यातला संयम समजेल. हा वजीर भाषांतरं आणि नकला यांवर महिन्याला दोन हजार दिनार खर्च करी, असं तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न अबी उसैबिआ सांगतो. 847 मध्ये नवा खलिफा अल-मुतवक्किल याची मर्जी फिरली आणि वजिराचा छळ करून जीव घेण्यात आला.

आता ज्यांचं नाव दोनदा आलं त्या मूसाच्या मुलांबद्दल. मुहम्मद, अहमद आणि हसन हे तीन भाऊ, अरबीत 'बनू मूसा'. बाप मूसा इब्न शाकिर आधी खुरासानात वाटमारी करायचा आणि नंतर मामूनच्या पदरी ज्योतिषी झाला, अशी कथा आहे. मुलं दरबारात वाढली, भूमिती आणि यंत्रविद्येत तयार झाली, सरकारी कामांचे ठेके घेऊन गबर झाली. एका जुन्या नोंदीनुसार हुनैन, हुबैश, साबित इब्न कुर्रा आणि इतर भाषांतरकार अशा गटाला ते महिन्याला सुमारे पाचशे दिनार देत, आणि ते पूर्णवेळ कामासाठी. त्या काळच्या दिनारात सव्वाचार ग्रॅम सोनं असे. म्हणजे दरमहा दोन किलोहून थोडं जास्त सोनं. खलिफाने हुनैनला पुस्तकांच्या वजनाइतकं सोनं दिलं ही दंतकथा बाजूला ठेवली, तरी हा पगार दंतकथेहून फार कमी नाही. वजनाच्या कथेला एक मजेदार शेपूट आहे. इब्न अबी उसैबिआ म्हणतो की हुनैनच्या लेखनिकाच्या हातच्या प्रती त्याने पाहिल्या, मोठी अक्षरं, सुट्या ओळी, नेहमीपेक्षा तिप्पट-चौपट जाड कागद. मोबदला वजनावर मिळायचा, म्हणून पुस्तक जड केलं, असा त्याचा कयास. त्याच जाडीमुळे कागद टिकला, हेही तोच सांगतो.

या भावांना वैद्यकापेक्षा गणिताची ओढ. साबित इब्न कुर्रा हा हर्रानमधला नाणी बदलून देणारा. मुहम्मद बायझंटाइन मुलखातून परतताना त्याला भेटला आणि त्याची हुशारी पाहून बगदादला घेऊन आला. अपोलोनियसचं शंकुच्छेदांवरचं पुस्तक मुळात आठ भागांचं. भावांनी सात भाग मिळवले, पण मजकूर इतका अवघड की आधी त्यांनाच उलगडेना. सिरियातल्या प्रवासात अहमदला पहिल्या चार भागांची युटोकियसने शुद्ध केलेली प्रत सापडली. तिच्या आधाराने त्यांनी ते समजून घेतले, मग पुढचे भाग लावले. त्यानंतर चार भागांचं भाषांतर हिलाल अल-हिम्सीने केलं, पाच ते सात साबितने. इथे पैसे देणाऱ्याला माल तपासता येत होता, आणि तो तपासत होता.

पण आश्रयदाते सज्जनच असत असं नाही. तत्त्वज्ञ अल-किंदीचा दुसरा गोट होता. त्याच्यासाठी ॲरिस्टॉटलचं 'मेटाफिजिक्स' भाषांतरित झालं. शिवाय 'ॲरिस्टॉटलचं ईश्वरशास्त्र' नावाचं एक पुस्तक त्याने स्वतः तपासलं, जे खरं तर प्लॉटिनसचं आहे. बनू मूसांनी मुतवक्किलचे कान भरले आणि किंदीची सगळी पुस्तकं जप्त करवून स्वतःकडे ठेवली. थोड्याच काळात खलिफाने त्यांना नव्या नगरीसाठी कालवा काढायला दिला. त्यांनी तो फरगानी नावाच्या ज्योतिर्विदाकडे सोपवला. त्याने कालव्याचं तोंड पुढच्या पात्रापेक्षा खोल खणलं. नदी पुरात असताना पाणी जाई, ओसरली की तोंडाशीच साचून राही. खलिफाने सनद इब्न अली या इंजिनियरला चौकशीला बोलावलं. चूक खरी निघाली तर दोघा भावांना कालव्याकाठीच सुळी देणार, असं सांगून. ज्याला त्यांनी आजवर दरबारापासून दूर ठेवलं होतं, त्याच सनदपुढे ते गयावया करू लागले. सनद म्हणाला, माझं आणि किंदीचंही पटत नाही, पण त्याची पुस्तकं परत केल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. किंदीकडून पोच आली तेव्हा सनदने खलिफाला सांगितलं की कालव्यात काही खोट नाही. पुराचे चार महिने पाणी राहणारच होतं, खोटं उघडं पडायला तेवढा वेळ होता. दरबारी ज्योतिषांचं भाकीत होतं की खलिफा तोवर जगणार नाही. 861 मध्ये, पाणी उतरण्याआधीच, मुतवक्किलचा खून झाला.

पैसे मोजणाऱ्यांना जे नको होतं ते आलंच नाही, हेही खतावणीतून कळतं. वैद्यक, ग्रहगणित, भूमिती, तर्क यांना गिऱ्हाईक होतं. होमर तोंडपाठ असलेल्या हुनैनला होमर भाषांतरित कर म्हणणारा कोणी भेटला नाही. वैद्यकातल्या नावांवरच्या गॅलेनच्या पुस्तकात ॲरिस्टोफेनिसच्या नाटकातले उतारे आहेत. ते हुनैनने गाळले आणि तसं सांगितलंही: प्रत सदोष आहे, या लेखकाची भाषा मला सरावाची नाही, आणि गॅलेनने जे आधी सांगितलं त्यापलीकडे यात काही नाही. ग्रीक नाटकं आणि इतिहास अरबी वाचकांपर्यंत पोचले नाहीत, ते बंदी होती म्हणून नव्हे. त्यांच्यासाठी दरमहा दिनार मोजणारा वैद्य, वजीर किंवा ठेकेदार नव्हता, म्हणून.

अपोलोनियसच्या पुस्तकाचे पहिले चार भाग ग्रीकमध्ये टिकले. पाच, सहा, सात ग्रीकमधून नाहीसे झाले आणि आठवा कुठेच नाही. धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने 1710 मध्ये ऑक्सफर्डहून अख्खं पुस्तक छापलं तेव्हा त्याने ते तीन भाग अरबीवरून लॅटिनमध्ये आणले आणि आठवा अंदाजाने रचला. ग्रीक मूळ अजून मिळालेलं नाही. त्या तीन भागांसाठी गणितज्ञांना आजही आधार आहे तो साबितच्या भाषांतराचा, ज्याचा खर्च त्या कालवा चुकवणाऱ्या भावांनी केला होता.